मॅन्युअल नसताना कॅबिनेटच्या पुढच्या वायरी मदरबोर्डला कशा जोडायच्या

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जुना किंवा स्वस्तातला बोर्ड घेतला की सोबत बहुतेक वेळा फक्त मागची पत्र्याची पट्टी मिळते. मॅन्युअल नाही, खोका नाही, कधी कधी तर कंपनीचं नावही धड छापलेलं नसतं. बाकी सगळं जोडणं तरी सोपं असतं, कारण प्रोसेसर, रॅम आणि एसएमपीएसच्या मोठ्या केबल चुकीच्या जागी बसतच नाहीत. अडतं ते कॅबिनेटच्या तोंडाकडून येणाऱ्या बारीक वायरींपाशी. पॉवरचं बटण, रिसेट, दोन दिवे आणि हेडफोन-माइकची जोडी यांच्यातली कुठली वायर कुठल्या पिनवर लावायची, हे सांगणारं कागदावर काहीच नसतं.

बोर्डाचं मॉडेल वाचता येत असेल तर आधी तेच शोधा. ते बहुधा स्लॉटच्या मधल्या मोकळ्या जागेत मोठ्या अक्षरांत असतं आणि शेजारी रिव्हिजनचा आकडा असतो. तो आकडाही लिहून घ्या, कारण त्याच नावाच्या बोर्डाची पुढची रिव्हिजन थोडी वेगळी असू शकते. यंत्र आधीपासून चालू अवस्थेत असेल आणि फक्त कॅबिनेट बदलायचं असेल, तर खोलण्याआधीच नाव काढून ठेवता येतं. विंडोजवर पॉवरशेलमध्ये पहिली ओळ चालते, लिनक्सवर दुसरी.

```
Get-CimInstance Win32_BaseBoard
sudo dmidecode -t baseboard
```

नाव मिळालं आणि त्या नावाचं मॅन्युअल नेटवर सापडलं, तर पुढचं वाचायची गरज नाही. पुढचं आहे ते नाव लागत नाही किंवा लागूनही मॅन्युअल मिळत नाही, अशा बोर्डासाठी. इथे अंदाजाने वायरी खुपसून बघण्यापेक्षा दोन गोष्टींवर भर द्यायचा. पहिली, कुठली पिन मुद्दाम गाळलेली आहे. दुसरी, मल्टिमीटर काय सांगतो. या दोन गोष्टी एकमेकींशी जुळल्या तर मॅन्युअलइतकीच खात्री मिळते.

आधी कॅबिनेटकडच्या वायरी ओळखा

बहुतेक कॅबिनेटमध्ये प्रत्येक वायरीच्या टोकाला काळं प्लास्टिकचं छोटं कनेक्टर असतं आणि त्यावर नाव छापलेलं असतं: पॉवर स्विच, रिसेट स्विच, हार्डडिस्कचा दिवा आणि पॉवरचा दिवा. पॉवरच्या दिव्याच्या अधिक आणि उणे वायरी बहुतेकदा दोन सुट्या कनेक्टरांत येतात. यात रंगीत वायर म्हणजे अधिक आणि पांढरी किंवा काळी म्हणजे उणे, असं बऱ्याचदा असतं. काही कनेक्टरांवर एका टोकाला बारीक त्रिकोण असतो, तोही अधिकची बाजू दाखवतो.

नावं पुसली गेली असतील तर बॅटरीवर ओळखायचं. मदरबोर्डवरचाच सीआर २०३२ सेल काढा. तो ३ व्होल्टचा असतो आणि त्याच्यातून फार मोठा करंट निघत नाही, म्हणून दिवा जळण्याची भीती नाही. दोन वायरी सेलच्या दोन बाजूंना टेकवा. दिवा लागला तर ती जोडी दिव्याची, आणि सेलच्या अधिक बाजूला टेकलेली वायर अधिक. लागला नाही तर वायरी उलटवून पाहा. निळा किंवा पांढरा दिवा ३ व्होल्टवर मंदच लागतो, त्यामुळे खोलीतला प्रकाश कमी करून बघितलेलं बरं. काही दिव्यांच्या वायरीत कॅबिनेट बनवणाऱ्यानेच आणखी एक रेझिस्टर घातलेला असतो, तेव्हा तर उजेड अगदीच किरकोळ दिसतो.

बटणाच्या वायरी ओळखायला मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावा. बटण दाबलं की बीप आणि सोडलं की शांतता, असं झालं पाहिजे. बटण न दाबताच बीप येत असेल तर ते बटण आत अडकलं आहे. ही तपासणी पाच मिनिटं खाते, पण अडकलेल्या बटणामुळे पुढे होणारा गोंधळ बघितला की ती करावीशी वाटते. पॉवर बटण दाबलेलंच राहिलं तर यंत्र सुरू होतं आणि चारेक सेकंदांत आपोआप बंद पडतं, कारण बोर्डाला वाटतं की कुणीतरी जबरदस्तीने बंद करण्यासाठी बटण धरून ठेवलंय. मग लोक एसएमपीएस बदलतात, रॅम बदलतात, आणि दोष मात्र पन्नास पैशांच्या बटणात असतो.

गाळलेली पिन कुठे आहे

आता बोर्डाकडे या. पुढच्या वायरींची जागा बहुधा बोर्डाच्या खालच्या कडेला, उजव्या कोपऱ्याजवळ असते. दोन रांगांत पाच-पाच पिना, त्यातली एक गाळलेली, म्हणजे एकूण नऊ. अडचण अशी की अशाच नऊ पिनांच्या आणखी तीन जागा बोर्डावर असू शकतात: यूएसबी २.०, पुढचा ऑडिओ, आणि जुन्या किंवा ऑफिसच्या बोर्डावर सिरियल पोर्ट म्हणजे कॉम. चारही दिसायला जवळपास सारख्याच, आणि प्रत्येकीत गाळलेली पिन ठरलेल्या जागी.

बोर्ड वरून पाहा, म्हणजे पिना तुमच्याकडे रोखलेल्या. जागेची लांब बाजू आडवी येईल असं बोर्ड फिरवा. आता कोपऱ्यातली पिन गाळलेली दिसत असेल तर बघा ती कुठल्या कोपऱ्यात आहे. वर उजवीकडे किंवा खाली डावीकडे असेल तर ती जागा पुढच्या पॅनेलची किंवा कॉमची. वर डावीकडे किंवा खाली उजवीकडे असेल तर ती यूएसबीची. बोर्ड कितीही अर्धवर्तुळात फिरवला तरी यात बदल होत नाही, कारण या दोन जागा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा आहेत. आणि गाळलेली पिन कोपऱ्यात नसून टोकाकडून दुसरी असेल, तर ती पुढच्या ऑडिओची.

पॅनेलची जागा अशी धरा की गाळलेली पिन वर उजवीकडे येईल. मग इंटेलने ठरवून दिलेली आणि पुढे बहुतेक सगळ्या कंपन्यांनी उचललेली मांडणी अशी दिसते:

```
PLED+   PLED-   PWR   GND   --
HD+     HD-     GND   RST   NC
```

वरच्या रांगेत डावीकडून पॉवरच्या दिव्याच्या अधिक आणि उणे, मग पॉवर बटणाच्या दोन. खालच्या रांगेत हार्डडिस्कच्या दिव्याच्या अधिक आणि उणे, मग रिसेटच्या दोन, आणि गाळलेल्या पिनेखालची शेवटची एकटी. त्या एकट्या पिनेला हात लावायचा नाही. काही बोर्डांवर ती नुसतीच ठेवलेली असते, काहींवर तिथे ५ व्होल्ट येतात.

ही मांडणी पाठ असेल तर दहातले बरेच बोर्ड इथेच सुटतात. बोर्डावर छापलेली अक्षरं वाचता येत असतील तर ताडून पाहा. एमएसआयवर या जागेला `JFP1` म्हणतात, गिगाबाइटवर `F_PANEL`, एसरॉकवर `PANEL1`. गिगाबाइटवर पॉवर बटण `PW`, रिसेट `RES`, हार्डडिस्कचा दिवा `HD` असं आखूड लिहितात. छापील अक्षरं आणि वरची मांडणी यांच्यात तफावत दिसली तर छापील अक्षरांवर विश्वास ठेवा. आणि छापलेलं काहीच नसेल, किंवा शेजारी कॉमचीही जागा असेल, तर मल्टिमीटर काढायचाच.

मल्टिमीटरने खात्री

पहिली तपासणी बंद यंत्रावर. एसएमपीएसची वायर भिंतीतून काढा आणि अर्धा मिनिट थांबा म्हणजे कपॅसिटरमधली वीज उतरेल. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर. काळा प्रोब बोर्डाच्या स्क्रूच्या भोकाभोवतीच्या चकचकीत कड्यावर किंवा मागच्या यूएसबी पोर्टच्या पत्र्यावर धरा, म्हणजे ग्राउंडवर. लाल प्रोबने एकेक पिन चाचपा आणि कुठे बीप येतो ते कागदावर काढलेल्या आकृतीवर खुणा करत जा.

पॅनेलच्या जागेत वरच्या आकृतीतल्या दोन `GND` वर बीप आला पाहिजे: खालच्या रांगेतली तिसरी आणि वरच्या रांगेतली चौथी. काही बोर्डांवर याशिवाय पॉवरच्या दिव्याची उणे पिनही ग्राउंडवर असते, तिचं आश्चर्य मानू नका. कॉमच्या जागेत मात्र फक्त एकच पिन ग्राउंडवर असते, खालच्या रांगेतली तिसरी. वरच्या रांगेतली चौथी गप्प राहिली तर थांबा, ती जागा तुमची नाही. यूएसबीत गाळलेल्या पिनेच्या टोकाकडून दुसऱ्या उभ्या जोडीतल्या दोन्ही पिना समोरासमोर ग्राउंड असतात. म्हणजे कुठली जागा कुठली, हे ग्राउंडच्या नकाशावरूनच कळतं, आणि तेही वीज न लावता.

दुसरी तपासणी स्टँडबाय विजेवर. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर न्या. हे विसरून कंटिन्युइटीवरच ठेवून विजेच्या पिनेला टेकवू नका. एसएमपीएसला वीज द्या, मागचं खटक्याचं बटण चालू करा, यंत्र मात्र बंदच असू द्या. या अवस्थेतही मोठ्या चोवीस पिनांच्या केबलमधल्या जांभळ्या वायरीवर ५ व्होल्ट असतात, आणि त्यातूनच पॉवर बटणाची वाट बघणारा भाग जिवंत राहतो. म्हणून पॉवर बटणाच्या दोन पिनांपैकी एक ग्राउंडवर आणि दुसरीवर साधारण ३.३ किंवा ५ व्होल्ट दिसतात. काळा प्रोब ग्राउंडवर, लाल प्रोब वरच्या रांगेतल्या तिसऱ्या पिनेवर. तिथे हा आकडा दिसला तर पॉवरची पिन हाती लागली.

प्रोबचं टोक जाड असेल तर ते घसरून शेजारच्या दोन पिना एकत्र जोडतं, हा इथला खरा धोका. टोकावर बारीक टाचणी गुंडाळून घ्या किंवा एखाद्या सुट्या कॅबिनेट वायरीचं कनेक्टर त्या पिनेवर चढवून त्याच्या दुसऱ्या टोकाला मोजा.

आता पिनेची परीक्षा. नेहमीची पद्धत म्हणजे पॉवरची पिन आणि तिच्या शेजारची ग्राउंड पिन स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडायची. पिना नक्की असतील तर ती ठीक आहे. शंका असेल तर मी २२० ओहमचा, पाव वॅटचा रेझिस्टर वापरतो. पॉवर बटणाच्या पिनेवरची वीज काही हजार ओहमच्या रेझिस्टरमधून आलेली असते, त्यामुळे २२० ओहममधून ग्राउंडला टेकवली तरी ती खाली येते आणि बोर्ड सुरू होतो. पण चुकून ५ व्होल्टची थेट पिन सापडली, तर या रेझिस्टरमुळे तिच्यातून २३ मिलिअँपियरच्या आसपासच करंट वाहतो. काहीच जळत नाही, फक्त बोर्ड सुरू होत नाही, आणि त्यावरूनच कळतं की ही ती पिन नव्हे. नुसत्या स्क्रूड्रायव्हरने तीच चूक केली असती तर पिनेजवळची ट्रॅक उडाली असती. रेझिस्टर रुपयाभराला मिळतो.

एका बोर्डाची गोष्ट

माझ्याकडे आलेला एक बोर्ड एच६१ चिपसेटचा होता, म्हणजे २०११ च्या सुमाराच्या एलजीए ११५५ सॉकेटच्या काळातला. हा चिपसेट जुना झाला तरी भारतात त्यावरचे स्वस्त बोर्ड अजून विकले जातात. कंपनीचं नाव नव्हतं, रिव्हिजन नव्हती. खालच्या कडेला नऊ-नऊ पिनांच्या चार जागा एका रांगेत. अक्षरं होती, पण ती पिनांच्या इतकी जवळ आणि इतकी पुसट की `F_P` एवढंच वाचता येत होतं आणि ते दोन जागांच्या बरोबर मध्ये होतं.

बोर्ड आडवा धरला. पहिलीत टोकाकडून दुसरी पिन गाळलेली, म्हणजे ऑडिओ. दुसरीत खाली उजवीकडची, म्हणजे यूएसबी. उरलेल्या दोन्हींत वर उजवीकडची. म्हणजे एक पॅनेल आणि एक कॉम, पण कुठली कुठली ते डोळ्यांना कळेना. दुकानात नेहमी ऐकू येणारा सल्ला म्हणजे कडेच्या अगदी जवळची ती पॅनेलची. पण इथे ग्राउंड तपासलं तर कडेच्या जागेत एकच पिन बीप करत होती, खालच्या रांगेतली तिसरी. आतल्या जागेत दोन: खालची तिसरी आणि वरची चौथी. म्हणजे पॅनेलची जागा आतली होती आणि कोपऱ्यातली कॉमची.

मग स्टँडबाय. आतल्या जागेत वरच्या रांगेतल्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले, बाकी सगळीकडे शून्याच्या आसपास. रेझिस्टरने तिला शेजारच्या चौथीशी जोडलं आणि पंखा फिरला. यंत्र चालू असताना पुन्हा मोजलं तेव्हा खालच्या रांगेतल्या चौथीवरही ३.३ व्होल्ट दिसले. ती रिसेटची. तिची वीज यंत्र चालू झाल्यावरच येते, म्हणून आधी शून्य दिसली होती. दोन्ही रांगांतल्या पहिल्या पिनांवर ५ व्होल्टच्या जवळ आकडा आला, म्हणजे दोन्ही दिव्यांच्या अधिक पिना. सगळी मांडणी इंटेलच्या आकृतीशी जुळली आणि बटण सोडून बाकीच्या वायरीही लावता आल्या.

बंद करताना पुन्हा त्याच दोन पिना जोडून चार-पाच सेकंद धरल्या की बोर्ड बंद होतो. वायरी लावण्याआधी भिंतीतली वीज काढा.

बटणं आणि दिवे लावताना

पॉवर आणि रिसेटच्या बटणांना अधिक-उणे नसतं. बटण फक्त दोन पिना एकमेकींना जोडतं, त्यामुळे कनेक्टर कसाही घातला तरी चालतो. दिव्यांना मात्र दिशा असते. उलटा लावला तर दिवा लागत नाही, एवढंच. बोर्डावर त्याच्यासाठी रेझिस्टर आधीच असतो, म्हणून काही जळत नाही. दिवा लागला नाही तर यंत्र बंद करून कनेक्टर फिरवा आणि पुन्हा बघा.

जुन्या कॅबिनेटांची एक खोड म्हणजे पॉवरच्या दिव्याचं तीन पिनांचं कनेक्टर, मधली जागा मोकळी. ते एकमेकींना लागून असलेल्या दोन पिनांवर बसत नाही, कारण त्याच्या वायरींमध्ये एका पिनेचं अंतर असतं. अशा वेळी वायर कापून जोडायची गरज नाही. कनेक्टरच्या बाजूला प्लास्टिकची एक बारीक पट्टी असते. ती सुईच्या टोकाने हळूच वर उचला आणि वायर मागे ओढा, की आतली धातूची टोपी बाहेर येते. ती मधल्या जागेत सरकवा, टक असा आवाज येईपर्यंत दाबा. पट्टी जास्त वाकवली तर तुटते आणि मग टोपी आत टिकत नाही, तेव्हा इथे घाई करू नका.

वायरी लावायचा क्रमही ठरवून ठेवलेला बरा. पॅनेलची जागा बोर्डाच्या कोपऱ्यात, कॅबिनेटच्या तळाशी असते आणि ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर बोट जात नाही. म्हणून कार्ड लावण्याआधीच हे काम करा. खालच्या रांगेतल्या वायरी आधी, वरच्या नंतर, नाहीतर वरच्या कनेक्टरांच्या आड खालच्या पिना दिसत नाहीत.

ऑडिओ

पुढच्या हेडफोन-माइकची केबल बहुतेक कॅबिनेटांत एका मोठ्या चपट्या कनेक्टरात येते, आणि त्यात एक भोक बुजवलेलं असतं. बुजवलेलं भोक गाळलेल्या पिनेवर येतं, म्हणून ती एकाच बाजूने बसते. काही केबलला दोन कनेक्टर असतात, एकावर एचडी ऑडिओ आणि दुसऱ्यावर एसी'९७ लिहिलेलं. गेल्या पंधरा वर्षांतल्या कुठल्याही बोर्डाला एचडीचं लावायचं. दुसरं मोकळं सोडू नका, त्याच्या टोकाला टेप लावून बाजूला बांधा, नाहीतर त्याची उघडी टोकं बोर्डावर कुठेही टेकू शकतात.

ऑडिओची जागाही वरसारखीच धरा, म्हणजे गाळलेली पिन वरच्या रांगेत उजवीकडून दुसरी:

```
GND     PRES    SENSE1   --      SENSE2
MIC L   MIC R   HP R     SEND    HP L
```

खालच्या रांगेत डावीकडून माइक डावा, माइक उजवा, हेडफोनचा उजवा, मग जॅक ओळखण्याची वायर, आणि शेवटी हेडफोनचा डावा. वरच्या रांगेत पहिली ग्राउंड, तिच्या शेजारची पिन म्हणजे पुढे एचडी पॅनेल जोडलंय हे बोर्डाला सांगणारी. जॅक घातल्यावर आपोआप हेडफोनवर आवाज वळणं, हे काम `SENSE` च्या पिना करतात.

अगदी जुन्या कॅबिनेटमध्ये ऑडिओच्या सहा-सात सुट्या वायरी येतात. त्यावर माइक, ग्राउंड, उजवा, डावा आणि दोन परतीच्या, अशी नावं असतात. हे एसी'९७ च्या काळातलं. नव्या बोर्डाला ते जोडायचं असेल तर फक्त चार वायरी लावा: माइक `MIC L` वर, उजवा `HP R` वर, डावा `HP L` वर आणि ग्राउंड `GND` वर. परतीच्या वायरी आणि माइकच्या विजेची वायर मोकळी ठेवून टेप लावा. परतीच्या वायरी `SENSE` च्या पिनांवर घातल्या तर बोर्डाला हेडफोन कायम लावलेलेच आहेत असा भास होऊ शकतो आणि मागच्या स्पीकरचा आवाज जातो.

असं जोडल्यावर आवाज येतो, पण जॅक घातल्याचं बोर्डाला कळत नाही. त्याचा उपाय वायरीत नाही, सेटिंगमध्ये आहे. बायोसमध्ये पुढच्या ऑडिओचा प्रकार एचडीवरून एसी'९७ करण्याचा पर्याय असेल तर तो निवडा. नसेल तर रियलटेकच्या विंडोतली पुढच्या जॅकची ओळख बंद करण्याची खूण करा. लिनक्सवर `alsamixer` मध्ये `Auto-Mute Mode` बंद करून पाहा.

हेडफोनमधून माऊस हलवला की किरकिर ऐकू येत असेल तर ऑडिओची केबल ग्राफिक्स कार्डाच्या वरून गेली आहे का ते बघा. ती बोर्डाच्या मागच्या बाजूने, कॅबिनेटच्या पत्र्याला धरून नेली की बरंच कमी होतं. त्यानेही गेली नाही, तर पुढचा जॅक सोडून मागचा वापरा. स्वस्त कॅबिनेटांच्या ऑडिओ केबलला जाळी नसते, तिथे फार काही करता येत नाही.

लावल्यावर काय बिघडू शकतं

बटण दाबलं आणि काहीच हललं नाही, तर पॉवरच्या जागी बहुधा दिव्याची वायर बसली आहे, किंवा कनेक्टर एका पिनेने सरकलाय. हे सर्वात जास्त वेळा होतं. बटणाची वायर काढून पिना रेझिस्टरने जोडा. यंत्र सुरू झालं तर दोष कॅबिनेटच्या बाजूला, नाही झालं तर एसएमपीएसची प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची केबल लागली आहे का ते बघा.

पॉवरचं बटण दाबून यंत्र सुरू होत नाही, रिसेटचं दाबलं की मात्र सुरू होतं, आणि मग पॉवरचं दाबलं की बंद होण्याऐवजी नव्याने सुरू होतं, तर दोन्ही बटणांची अदलाबदल झाली नाही ना पाहा. पंखे फिरतात, पडदा मात्र काळाच राहतो आणि रिसेटचं बटण आत दबलेलं आहे, तर त्याची वायर काढून बघा. रिसेट कायम दाबलेला असेल तर बोर्ड सुरू व्हायच्या पहिल्या पायरीवरच अडकून बसतो.

हार्डडिस्कचा दिवा यंत्र चालू असेपर्यंत एकसारखा जळत असेल, तर त्याची वायर पॉवरच्या दिव्याच्या पिनांवर आहे. तो कधीच लुकलुकत नसेल आणि तुमची एसएसडी एम.२ एनव्हीएमई असेल, तर वायरींना दोष देऊ नका. हा दिवा मूळचा साटा डिस्कसाठी असतो, आणि काही बोर्डांवर एनव्हीएमईची हालचाल त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

पुढच्या यूएसबीत पेनड्राइव्ह लावल्यावर यंत्र लगेच बंद पडलं, तर मात्र सगळं थांबवा. ५ व्होल्ट आणि ग्राउंड कुठेतरी उलटे झालेत. सुट्या वायरींच्या जुन्या यूएसबी केबलमध्ये हे होतं, आणि तिथे पेनड्राइव्ह आणि बोर्ड दोन्ही जाऊ शकतात. कनेक्टर काढा आणि ग्राउंडच्या दोन समोरासमोरच्या पिना पुन्हा शोधून त्यावरून मांडणी करा.

जिथे ही पद्धत पुरत नाही

२००० च्या दशकातल्या काही बोर्डांवर पॅनेलची जागा दोन रांगांत दहा-दहा पिनांची असते. तिच्यात स्पीकरही येतो आणि पॉवरच्या दिव्याची जागा वेगळी असते. तिथे गाळलेल्या पिनेवरून काही सांगता येत नाही. पण ग्राउंड आणि स्टँडबाय व्होल्ट शोधण्याची पद्धत तशीच चालते: ग्राउंडला लागून असलेल्या आणि यंत्र बंद असताना ३.३ किंवा ५ व्होल्ट दाखवणाऱ्या पिनांचीच फक्त परीक्षा घ्या, रेझिस्टर लावून.

मोठ्या ब्रँडच्या ऑफिसातल्या यंत्रांचे बोर्ड सुटे काढून दुसऱ्या कॅबिनेटात घालायचे असतील, तर परिस्थिती वेगळी. त्यांच्या पॅनेलच्या जागा त्या-त्या कंपनीने स्वतःच्या सोयीने ठरवलेल्या असतात. काही बोर्ड मूळची केबल जोडलेली नाही हे ओळखून सुरू होताना एरर दाखवतात आणि दर वेळी एखादी की दाबायला लावतात. अशा बोर्डासोबत त्याची मूळ केबल आणि बटणाची छोटी पाटी मिळत असेल तर तीच उचला. ती पाटी नव्या कॅबिनेटाच्या आत चिकटवून तिच्या बटणाच्या टाक्यांवर तुमच्या कॅबिनेटच्या बटणाच्या दोन वायरी डागल्या, की बोर्डाला काही फरक कळत नाही.